डोक्यावरचा चट्टा: मुलाचा वेगळा, मोठ्याचा वेगळा

सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर रुपयाएवढ्या जागेतले केस गेलेले दिसतात. त्याच घरातल्या बत्तीस वर्षांच्या मामालाही महिनाभरापूर्वी डोक्याच्या मागच्या बाजूला तेवढाच चट्टा पडलेला असतो. आजी म्हणते, "मामाची चाई भाच्याला लागली." दोघांचे टॉवेल वेगळे होतात, उशा वेगळ्या होतात. औषधाच्या दुकानातून मात्र मलमाची एकच ट्यूब येते आणि ती दोघांनाही लावली जाते. हे घर मी उदाहरणासाठी रचले आहे, पण अशी घरे त्वचारोगतज्ज्ञांच्या ओळखीची असतात.

या घरात आजार एक नाही, दोन आहेत. मुलाच्या केसांत बुरशी शिरली आहे. डोक्यातला नायटा, गजकर्ण किंवा खवडे म्हणून लोक ज्याला ओळखतात तो हा आजार, आणि तो एकाचा दुसऱ्याला लागतो. मामाला चाई आहे, डॉक्टर तिला अलोपेशिया एरियाटा म्हणतात. तिच्यात कुठलाही जंतू नसतो, त्यामुळे ती कोणाकडून कोणाला लागूच शकत नाही. मुलाला कित्येक आठवडे पोटातून औषध द्यावे लागेल. मामाचे केस औषधाशिवायही परत येऊ शकतील. त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असले, आणि अशा मिश्र मलमांत ते बहुधा असतेच, तर ते मामाच्या चट्ट्याला थोडेफार उपयोगी पडेल, पण मुलाची बुरशी आणखी पसरवेल.

म्हणून चट्टा दिसला की औषधाआधी तो कोणता आहे हे ठरवावे लागते. ते फार अवघड नाही. सुरुवात तर घरच्या उजेडातही करता येते.

उजेडात काय दिसते

मुलाला खिडकीपाशी बसवा, चट्ट्याभोवतीचे केस बाजूला करा आणि दोन गोष्टी पाहा: तिथली कातडी कशी आहे आणि तिथे केसांचे काय उरले आहे.

बुरशीच्या चट्ट्यावर कातडी सहसा स्वच्छ नसते. तिच्यावर करड्या-पांढऱ्या कोंड्याचा थर असतो, कधी बारीक फोड किंवा खपल्या असतात, आणि मूल तिथे खाजवत असते. चट्टा पूर्ण रिकामाही नसतो. तिथले केस मुळासकट गळलेले नसून तुटलेले असतात, त्यामुळे बोट फिरवले की खुंट लागतात. काही मुलांत केस अगदी कातडीच्या पातळीवर तुटतो आणि त्याचे टोक काळ्या ठिपक्यासारखे दिसते. भारतात या आजाराला कारण ठरणारी बुरशी बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम ही असते, आणि असे काळे ठिपके ही तिची नेहमीची खूण आहे. मानेच्या मागे, केसांच्या रेषेखाली चाचपडून पाहिले तर हरभऱ्याएवढ्या गाठीही हाताला लागू शकतात. कोंडा, तुटके केस आणि मानेमागच्या गाठी या तिन्ही गोष्टी शाळकरी मुलात एकत्र दिसल्या, तर तपासणीतून वेगळे सिद्ध होईपर्यंत तो नायटाच समजावा.

मामाचा चट्टा याच्या अगदी उलट असतो. तो गोल किंवा लांबट, गुळगुळीत असतो, रंग बाकीच्या कातडीसारखाच. कोंडा नाही, खपली नाही, खाज बहुधा नाही. अनेकांना तो स्वतःला कळतही नाही. न्हावी केस कापताना सांगतो किंवा घरातले कोणी पाहते. चट्ट्याच्या कडेला भिंगातून पाहिले तर दोन-तीन मिलिमीटर लांबीचे काही केस दिसतात. ते टोकाकडे जाड आणि मुळाकडे निमुळते असतात, म्हणून त्यांना उद्गारचिन्हाचे केस म्हणतात. चाई अजून वाढते आहे, याची ती पक्की खूण. कडेचे पन्नास-साठ केस बोटांच्या चिमटीत धरून हळूच ओढले आणि त्यांतले सहा किंवा जास्त सहज हातात आले, तरी अर्थ तोच. चाईत नखांवरही सुईने टोचल्यासारखे बारीक खळगे दिसू शकतात, म्हणून डॉक्टर डोके पाहून झाल्यावर हात पुढे करायला सांगतात.

बुरशी मुलांनाच का गाठते

या बुरशीचे अन्न म्हणजे केराटिन. केस, नखे आणि कातडीचा सर्वांत वरचा मृत थर याच पदार्थाचे बनलेले असतात. बुरशी आधी डोक्याच्या कातडीवर वाढते, मग केसाच्या कडेने मुळाच्या दिशेने खाली उतरते आणि केसात शिरते. मुळाशी जिथे केस कडक होऊ लागतो, त्या पातळीपर्यंत ती पोचते आणि तिथेच थांबते, कारण त्याखालचा भाग जिवंत असतो. केस वर वाढत राहतो आणि बुरशी त्याच वेगाने खाली वाढत राहते, त्यामुळे नवा तयार होणारा केसही पोखरलेलाच बाहेर येतो. ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियमच्या बीजाणूंनी केसाचा आतला भाग भरून जातो. असा केस इतका ठिसूळ होतो की बाहेर डोकावताच तुटतो.

हा आजार प्रामुख्याने साधारण तीन ते दहा वर्षांच्या मुलांत दिसतो आणि मूल वयात आले की त्याचे प्रमाण झपाट्याने घटते. याचे एक मोठे कारण डोक्याच्या कातडीतल्या तेलात असल्याचे मानले जाते. वयात येताना तेलग्रंथी जोमाने काम करू लागतात आणि त्या तेलातली काही मेदाम्ले बुरशीची वाढ रोखतात. लहान मुलाच्या डोक्याला हे संरक्षण मिळालेले नसते. शिवाय मुले डोक्याला डोके लावून खेळतात, एकमेकांच्या टोप्या घालतात, एका फणीने विंचरून घेतात. नीट न धुतलेला वस्तरा किंवा केस कापायचे यंत्र एका डोक्यावरून दुसऱ्यावर गेले तरी बुरशी पसरते. काही जाती प्राण्यांकडून येतात. त्यांतली सर्वांत परिचित मायक्रोस्पोरम कॅनिस ही मांजरांच्या, विशेषतः पिल्लांच्या अंगावरून येते. घरात नवे पिल्लू आले असेल आणि त्याच्या अंगावरचे केस जागोजागी गेले असतील, तर हे डॉक्टरांना जरूर सांगावे.

खात्री कशी करायची

डोळ्यांनी बांधलेला अंदाज तपासून घेणे या आजारात फार गरजेचे आहे, कारण पुढचे औषध आठवडेच्या आठवडे द्यायचे असते. तपासणी साधी आहे. डॉक्टर बोथट पात्याने चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडतात आणि काही खुंट चिमट्याने उपटून घेतात. लांब, निरोगी दिसणारे केस कापून दिले तर त्यांचा काही उपयोग नसतो, कारण बुरशी खुंटात असते. मूल घाबरत असेल तर निर्जंतुक ब्रश किंवा ओला बोळा चट्ट्यावर घासूनही नमुना घेता येतो. तो काचेवर ठेवून त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे थेंब टाकतात. त्यात केराटिन विरघळते, बुरशी मात्र टिकते आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिचे धागे व बीजाणू दिसतात. प्रयोगशाळेच्या कागदावर याला केओएच तपासणी म्हटलेले असते. बुरशीची नेमकी जात कळावी म्हणून नमुना वाढवायलाही ठेवतात, पण त्याचा निकाल यायला दोन ते चार आठवडे लागतात. चित्र स्पष्ट असेल तर डॉक्टर तोवर न थांबता औषध सुरू करतात. नमुना मात्र त्याआधी घेतलेला असावा. घरी बुरशीचे मलम लावून मग तपासणीला गेले तर बुरशी असूनही ती न सापडण्याची शक्यता वाढते.

काही ठिकाणी अंधाऱ्या खोलीत वूड्स दिव्याचा जांभळट प्रकाश डोक्यावर टाकतात. मांजराकडून आलेली मायक्रोस्पोरम त्यात हिरवी चमकते, आपल्याकडे जास्त आढळणारी ट्रायकोफायटॉन व्हायोलेसियम चमकत नाही. म्हणून काही चमकले नाही याचा अर्थ बुरशी नाही, असा काढता येत नाही.

मलमाने का भागत नाही

अंगावरचा छोटा नायटा मलमाने बरा होतो, डोक्यातला होत नाही. बुरशी केसाच्या आत आणि मुळाच्या खोबणीत खोलवर असते, तिथे वरून लावलेले औषध पुरेसे पोचत नाही. पोटातून घेतलेले औषध रक्तावाटे मुळाशी जाते आणि तयार होणाऱ्या नव्या केसात उतरते.

अशी दोन औषधे प्रमुख आहेत. ग्रिसियोफल्विन हे जुने आणि दीर्घ अनुभवाचे औषध साधारण सहा ते आठ आठवडे, कधी त्याहून जास्त काळ द्यावे लागते. ते स्निग्ध अन्नासोबत चांगले शोषले जाते, म्हणून दुधाबरोबर किंवा तूपभात खाऊन झाल्यावर द्यावे. टर्बिनाफिन हे दुसरे औषध ट्रायकोफायटॉनवर कमी काळात काम करते, त्याला बहुतेक वेळा चार आठवडे पुरतात. मांजराकडून आलेल्या मायक्रोस्पोरमवर मात्र ग्रिसियोफल्विन जास्त भरवशाचे ठरते. मात्रा मुलाच्या वजनावर ठरते. आपल्या उदाहरणातला मुलगा 22 किलोचा असेल तर त्याला टर्बिनाफिनची 250 मिलिग्रॅमची अर्धी गोळी, म्हणजे 125 मिलिग्रॅम, दिवसातून एकदा द्यावी लागेल. वजन 20 किलोच्या आत असते तर पाव गोळीच पुरली असती. मुलाला यकृताचा आजार असेल किंवा दुसरी औषधे चालू असतील तर हा हिशेब बदलतो, म्हणून तो डॉक्टरांनीच करावा.

याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा केटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शॅम्पू डोक्याला लावून पाच मिनिटे ठेवायचा आणि मग धुवायचा. हा शॅम्पू आजार बरा करत नाही, पण डोक्यावरचे बीजाणू कमी करतो आणि मुलाकडून इतरांना होणारा संसर्ग आटोक्यात ठेवतो. घरातल्या बाकीच्या मुलांची आणि मोठ्यांचीही डोकी तपासून घ्यावीत, कारण कोणाच्या डोक्यात बुरशी काही लक्षण न दाखवताही राहते. अशा माणसांना तोच शॅम्पू सांगितला जातो. फण्या, टोप्या आणि उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुवावेत आणि ज्याचे त्यानेच वापरावेत. औषध सुरू झाल्यावर मुलाला शाळेत पाठवायला हरकत नसते. मुंडण करायचीही गरज नाही. मुंडणाने मुळातली बुरशी जात नाही आणि वस्तऱ्यामुळे ती पसरण्याचीच भीती असते.

औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत मुलाच्या मानेवर, कानांवर किंवा अंगावर बारीक खाजरे पुरळ उठू शकते. औषधाची ॲलर्जी झाली असे वाटून पालक गोळ्या बंद करतात. बहुतेक वेळा ही बुरशीविरुद्ध शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते आणि गोळ्या चालू ठेवूनच ती शमते. खरी ॲलर्जी आहे की नाही हे मात्र डॉक्टरांना दाखवूनच ठरवावे. दुसरी चूक शेवटाकडे होते. खाज आणि कोंडा थांबला की औषध अर्ध्यावर सोडले जाते. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे चट्टा भरून दिसायला काही महिने जातात. औषध केव्हा थांबवायचे हे केसांच्या लांबीवरून नव्हे, तर बुरशी गेल्याची खात्री झाल्यावर ठरते. त्यासाठी पुन्हा तोच नमुना घेऊन तपासणी करता येते.

हे औषध हाती आले त्याला फार काळ झालेला नाही. ग्रिसियोफल्विन पोटातून द्यायला 1958 च्या सुमाराला सुरुवात झाली. त्याआधी मुलांच्या डोक्यावर क्ष-किरण सोडून सगळे केस गाळले जात, म्हणजे बुरशी केसांबरोबर निघून जाईल. फ्रान्समधले डॉक्टर रेमंड सबुरो यांनी 1904 मध्ये ही पद्धत प्रचारात आणली. इस्रायलमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यात हजारो स्थलांतरित मुलांवर हा उपचार झाला आणि मोठेपणी त्यांच्यात मेंदूच्या व थायरॉइडच्या गाठींचे प्रमाण वाढलेले आढळले. त्या देशाने 1994 मध्ये त्यांच्या भरपाईसाठी कायदा केला. आज वाडग्याएवढ्या तूपभातावर जी गोळी दिली जाते, तिच्यामागे एवढा इतिहास आहे.

पू दिसला तरी चिरू नका

डोक्यातल्या नायट्याचे एक रूप पालकांना आणि कधी डॉक्टरांनाही फसवते. काही मुलांचे शरीर बुरशीविरुद्ध फार जोराने पेटून उठते. चट्टा सुजतो, हाताला मऊ व दबका लागतो, केसांच्या मुळांतून पू झिरपतो, केस ओढले की न दुखता निघून येतात आणि ताप येऊ शकतो. याला केरियन म्हणतात. ते गळवासारखे दिसते, म्हणून चिरून पू काढण्याचा मोह होतो. पण आत गळवासारखा पुवाचा एक साठा नसतो. चिरा दिल्याने फायदा होत नाही, उलट व्रण मात्र राहतो. उपचार तोच, पोटातून बुरशीचे औषध. वरून जिवाणूंचा संसर्ग झाला असेल तर प्रतिजैविक जोडीला द्यावे लागते.

केरियनच्या बाबतीत वेळ दवडणे महागात पडते. साध्या चट्ट्यातले केस बहुधा पूर्ण परत येतात. केरियन उपचाराविना राहिले तर केसांची मुळेच नष्ट होतात आणि तिथे कायमचा टक्कल-व्रण उरतो. डोक्यावर पू झिरपणारी सूज असलेले मूल त्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे पोचायला हवे.

स्टेरॉइडच्या मलमाचा धोका इथेच कळतो. स्टेरॉइड, बुरशीचे औषध आणि प्रतिजैविक एकत्र केलेली मलमे आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सहज मिळतात. लावल्यावर लाली आणि खाज दोन दिवसांत कमी होते, म्हणून घरच्यांना गुण आला असे वाटते. प्रत्यक्षात बुरशीशी लढणारी सूज दाबली गेलेली असते आणि बुरशी मोकळी वाढत असते. चट्ट्याची ओळखही पुसट होते, त्यामुळे पुढे डॉक्टरांनाही निदान कठीण जाते.

मामाची चाई

आता मामाकडे वळू. वाढता केस ज्या मुळातून येतो ती जागा शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या नजरेआड ठेवलेली असते. चाईत हे संरक्षण ढासळते. रक्तातल्या पांढऱ्या पेशींपैकी टी पेशी त्या मुळाभोवती गोळा होतात आणि त्यालाच परके समजून हल्ला करतात. केसाची वाढ मध्येच थांबते आणि तो गळतो. मात्र ज्या मूळपेशींपासून नवा केस तयार होतो त्या मुळाच्या वरच्या भागात असतात आणि हल्ल्यातून बहुधा वाचतात. म्हणून चाईचा चट्टा वर्षभर जुना असला तरी तिथे केस परत येण्याची क्षमता शिल्लक असते. गुळगुळीत दिसला तरी तो व्रण नसतो.

सगळ्या माणसांत आयुष्यात कधी ना कधी चाई होण्याचे प्रमाण सुमारे 2 टक्के मानले जाते. ती कोणत्याही वयात होऊ शकते, पण अनेकांना पहिला चट्टा तारुण्यात पडतो. घराण्यात कोणाला चाई, कोड किंवा थायरॉइडचा आजार असेल तर शक्यता थोडी वाढते. म्हणून डॉक्टर थायरॉइडची तपासणी सुचवू शकतात. झुरळाने किंवा किड्याने रात्री केस खाल्ले, हा समज घरोघरी ऐकू येतो. त्याला आधार नाही. केस वरून कुरतडलेला नसतो, तो आतून सुटलेला असतो.

चट्टे थोडे असतील तर जवळपास निम्म्या लोकांचे केस वर्षभरात आपोआप परत येतात. आलेले केस कधी आधी पांढरे आणि मऊ असतात, मग त्यांना रंग येतो. लसूण, कांद्याचा रस, आले, गुंजेचा लेप अशा उपायांना इतके नाव मिळाले याचे एक मोठे कारण हेच आहे. आपोआप येणारे केस त्या काळात जे काही चोळले जात होते त्याच्या नावावर जमा होतात. कच्चा लसूण घासल्याने कातडी भाजते आणि फोड येतात हे मात्र नक्की. गुंजेचे बी विषारी आहे आणि मुले असलेल्या घरात ते ठेवणेही धोक्याचे आहे.

उपचार घ्यायचे ठरवले तर मोठ्या माणसातल्या छोट्या चट्ट्यासाठी ट्रायअॅम्सिनोलोन नावाच्या स्टेरॉइडची बारीक सुईची टोचणी दिली जाते. चट्ट्यात साधारण एक-एक सेंटिमीटर अंतरावर औषधाचे थेंब सोडतात आणि दर चार ते सहा आठवड्यांनी हे पुन्हा करतात. गुण येत असेल तर पहिले केस सहसा दोन महिन्यांच्या आत दिसू लागतात. टोचल्या जागी कातडी खोलगट होऊ शकते, पण ती बहुधा पुन्हा भरून येते. सहा महिने देऊनही काहीच उगवले नाही तर हा मार्ग सोडतात. या टोचणीने त्या जागेचे केस येतात, पण नवा चट्टा दुसरीकडे पडू नये याची हमी ती देत नाही.

डोक्याचा मोठा भाग किंवा भुवया-पापण्यांसह सगळे केस गेले तर प्रश्न वेगळा होतो. अशा लोकांसाठी अलीकडे जॅक इनहिबिटर वर्गातल्या गोळ्या आल्या आहेत. त्या टी पेशींपर्यंत जाणारे संदेश रोखतात. अमेरिकेत तीव्र चाईसाठी बॅरिसिटिनिबला 2022 मध्ये आणि बारा वर्षांपुढच्या रुग्णांसाठी रिटलेसिटिनिबला 2023 मध्ये मान्यता मिळाली. त्यांनी पूर्वी आशा सोडलेल्या कित्येकांचे केस परत आले आहेत. पण त्या प्रतिकारशक्ती दाबतात. सुरू करण्याआधी क्षयरोगाची आणि रक्ताची तपासणी लागते, आणि बंद केल्यावर अनेकांचे केस पुन्हा जातात. एका रुपयाएवढ्या चट्ट्यासाठी त्या नाहीत.

वय हा इशारा आहे, पुरावा नाही

मुलाला बुरशी आणि मोठ्याला चाई, हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. तरी तो डोळे मिटून धरू नये. चाई मुलांनाही होते. सहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावरचा चट्टा पूर्ण गुळगुळीत असेल, कोंडा नसेल आणि कडेला उद्गारचिन्हाचे केस असतील, तर तिला महिनोन्‌महिने बुरशीची औषधे देणे चूक आहे. लहान मुलांना डोक्यात सुया टोचणे त्रासाचे असल्याने त्यांच्यात स्टेरॉइडचे द्रावण किंवा मलम डॉक्टरांच्या देखरेखीखाली वरून लावतात. अगदी लहान वयात सुरू झालेली, झपाट्याने पसरणारी किंवा कानामागून मानेवरच्या केसांच्या रेषेने पट्ट्यासारखी जाणारी चाई जास्त चिवट असते. अशा मुलाची तपासणी नियमित हवी.

उलट बाजूने, बुरशी मोठ्यांनाही होते, क्वचित. ती जास्त करून पाळी गेलेल्या बायकांत आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांत दिसते. तिथे ती फसवी असते. चट्टा ठळक नसतो, नुसता कोंडा आणि विरळ होत गेलेले केस दिसतात. साठीच्या बाईंचा कोंडा सहा महिने शॅम्पू लावूनही जात नसेल आणि केस तुटत असतील, विशेषतः घरात नातवंडांना नायटा असेल, तर त्यांचीही केओएच तपासणी व्हायला हवी.

कधी चट्टा या दोन्हींपैकी कशाचाच नसतो. वेगवेगळ्या लांबीचे तुटके केस, वेडावाकडा आकार आणि हाताला सहज पोचणारी जागा असेल तर मूल स्वतःच केस उपटत असण्याची शक्यता असते. अशा मुलाला रागवून उपयोग नसतो, मदत लागते. घट्ट वेण्या किंवा अंबाडा ओढून बांधल्याने कपाळाजवळचे केस जातात. मोठ्या माणसाच्या चट्ट्यावर केसांची छिद्रेच दिसत नसतील, कातडी चकचकीत, पातळ किंवा रंग बदललेली असेल, तर ल्युपस किंवा लायकेन प्लॅनस यांसारखा व्रण करणारा आजार असू शकतो. तिथे कातडीचा तुकडा काढून तपासावा लागतो आणि उशीर परवडत नाही, कारण गेलेली मुळे परत येत नाहीत. आणि एका गावातल्या अनेकांचे केस काही दिवसांत गळू लागले तर कारण शोधायला आणखी दूर जावे लागते. जानेवारी 2025 मध्ये बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत असे घडले, तेव्हा सुरुवातीला बुरशीचाही संशय घेतला गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी गहू, रक्त आणि केसांच्या तपासणीवरून जास्तीच्या सेलेनियमकडे बोट दाखवले. डोक्यातली बुरशी लहान मुलांत, हळूहळू आणि चट्ट्याचट्ट्यांनी वाढते. वेगवेगळ्या वयांच्या माणसांना चार दिवसांत टक्कल पाडणे तिच्या स्वभावात नाही.

चट्टा दिसल्यावर तेल, लसूण किंवा मलम लावण्याआधी उजेडात त्याचा स्पष्ट फोटो काढा आणि त्वचारोगतज्ज्ञांना किंवा जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या त्वचारोग विभागाला दाखवा. कोंडा आणि खुंट असलेला मुलाचा चट्टा असेल तर "केओएच तपासणी करायची का?" असे विचारा, आणि गोळ्या सुरू झाल्या की ठरलेली मुदत पूर्ण करा. गुळगुळीत चट्टा असेल तर त्या माणसाचा टॉवेल, उशी किंवा ताट वेगळे करू नका, चाई स्पर्शाने लागत नाही. आणि निदान झाल्याशिवाय स्टेरॉइडचे मिश्र मलम कोणाच्याही डोक्याला लावू नका, मुलाच्या तर अजिबात नाही.